सात सेंटिमीटरवर थांबलेलं बाळंतपण

‘सकाळपासून कळा येत होत्या, पण तोंडच उघडेना. मग सिझर केलं.’ बाळ बघायला आलेल्या पाहुण्यांना आजी हे सांगते, पाहुणे मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. प्रसूतितज्ज्ञाच्या कानाला मात्र हे वाक्य अपुरं वाटतं. तोंड किती सेंटिमीटर उघडलं होतं? तिथेच किती तास राहिलं? त्या वेळात कळा केवढ्या जोराच्या होत्या? पाणी गेलं होतं का? या चार गोष्टी कळल्याशिवाय बाळंतपण थांबलं होतं की नुसतंच सावकाश चाललं होतं, हे सांगता येत नाही. सावकाश चाललेल्या बाळंतपणाला वेळ द्यायचा असतो. थांबलेल्याला कधी औषध लागतं, कधी शस्त्रक्रिया. दोन्हींची गल्लत झाली की एकीच्या पोटावर नको असलेला छेद जातो आणि दुसरीचं गर्भाशय फाटण्याच्या बेताला येतं.

गर्भाशयाचं तोंड नऊ महिने घट्ट मिटलेलं, तीनएक सेंटिमीटर लांबीच्या नळीसारखं असतं. कळा सुरू झाल्या की ही नळी आधी आखूड आणि पातळ होते, मगच तोंड रुंदावतं. उंच गळ्याचा स्वेटर डोक्यावरून ओढताना गळा आधी ताणून पातळ होतो आणि नंतर डोकं बाहेर येतं, तसंच हे. हे पहिलं काम बराच वेळ खातं, आणि त्या वेळात सेंटिमीटरचा आकडा जवळपास हलत नाही. पहिलटकरणीला तीनवरून पाचपर्यंत यायला अख्खा दिवस लागू शकतो. काम आत चाललेलं असतं. बाहेर बसलेल्यांना मात्र काहीच घडत नाही असं वाटतं.

हा वेग किती असावा याचा पहिला आलेख न्यूयॉर्कमधल्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी काढला. १९५५ मध्ये त्यांनी ५०० पहिलटकरणींच्या नोंदी मांडल्या. त्यांच्या रेषेत तोंड बराच काळ हळूहळू उघडतं आणि तीन-चार सेंटिमीटरनंतर एकदम वेग घेतं. वेग घेतल्यावर तासाला निदान १.२ सेंटिमीटर प्रगती हवी, असं त्यांनी म्हटलं. पुढे आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, फिलपॉट आणि कॅसल यांनी १९७२ मध्ये याच कल्पनेवरून प्रसूतिकक्षात लावायचा तक्ता बनवला. त्यावर दोन तिरप्या रेषा होत्या. पहिली तासाला एक सेंटिमीटर या वेगाची, सावध करणारी. दुसरी तिच्या उजवीकडे चार तासांवर, काहीतरी करायलाच हवं असं सांगणारी. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या कित्येक पिढ्या हा तक्ता, म्हणजे पार्टोग्राफ, भरतच शिकल्या.

तक्ता चांगला होता, पण त्यामागचा ‘तासाला एक’ हा आकडा सगळ्यांना लागू पडत नव्हता. २०१० मध्ये जून झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांमधल्या ६२,४१५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. या सगळ्या जणींची प्रसूती नैसर्गिक मार्गानं झाली होती आणि बाळं सुखरूप होती. त्यांतल्या सर्वांत सावकाश गेलेल्या काहींना चारवरून पाच सेंटिमीटरला पोचायला सहा तासांहून जास्त आणि पाचवरून सहाला तीन तासांहून जास्त वेळ लागला होता. खरा वेग यायचा तो सहानंतर. याचा अर्थ असा की चार सेंटिमीटरवर दोन तास आकडा हलला नाही म्हणून ज्यांचं सिझर झालं, त्यांतल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण अजून वेगाच्या टप्प्यात आलेलंच नव्हतं.

यानंतर नियम बदलले. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१४ मध्ये एकत्र निवेदन काढलं. त्यानुसार तोंड उघडणं ‘थांबलं’ असं म्हणायला तीन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. तोंड किमान सहा सेंटिमीटर उघडलेलं असावं. पाणमोट फुटलेली असावी. आणि कळा पुरेशा जोराच्या असूनही चार तास काहीच बदल नसावा, किंवा कळा वाढवायचं औषध सहा तास देऊनही कळा पुरेशा होत नसाव्यात आणि तोंडही हलत नसावं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये वेगाचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरला आणि तासाला एक सेंटिमीटर हा वेग कोणावरही उपचार लादायचं कारण म्हणून वापरू नये, असं स्पष्ट लिहिलं. पाच की सहा यावर मतभेद आहे. तीन-चारवर घाई करू नये यावर नाही.

या तीन अटींमध्ये माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते कळांच्या जोराकडे. बाईला दुखतंय किती, यावरून तो जोर कळत नाही. जिवाच्या आकांतानं ओरडणाऱ्या बाईच्या कळा दुबळ्या असू शकतात आणि दात आवळून निपचित पडलेलीच्या भक्कम. उरुग्वेमधल्या माँटेव्हिडिओ शहरात काल्देरो-बार्सिया आणि आल्वारेझ यांनी गर्भाशयातला दाब मोजायची पद्धत बसवली, म्हणून तिच्या एककाला त्या शहराचं नाव आहे. दहा मिनिटांतल्या प्रत्येक कळेनं दाब किती चढला ते पाहायचं आणि त्या आकड्यांची बेरीज करायची. बेरीज २०० च्या वर गेली की कळा पुरेशा; म्हणजे दहा मिनिटांत चार कळा आल्या आणि प्रत्येकीनं दाब पन्नासएक मिलिमीटरनं चढवला, की झालं. यासाठी आत बारीक नळी सरकवावी लागते. आपल्याकडे ती क्वचितच वापरतात. त्याऐवजी परिचारिका पोटावर हात ठेवून दहा मिनिटं बसते, किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली ते मोजते. दहा मिनिटांत तीन ते पाच कळा, प्रत्येक चाळीस सेकंदांहून मोठी, कळेच्या भरात पोटात बोट रुतत नाही, अशी स्थिती असेल तर कळा चांगल्या. दहा मिनिटं पोटावर हात ठेवणं हे साधं काम आहे, पण गर्दीच्या प्रसूतिकक्षात नेमकं तेच राहून जातं.

आता एक बाळंतपण तासागणिक पाहू. हे कोणा एका स्त्रीचं नाही. रोज कुठे ना कुठे घडतं तसं रचलं आहे. चोवीस वर्षांची पहिलटकरीण, एकोणचाळिसावा आठवडा, बाळ अंदाजे तीन किलोचं, डोकं खाली. रात्री दोनला कळा सुरू झाल्या. सकाळी सहाला दवाखान्यात आली तेव्हा तोंड तीन सेंटिमीटर. दहाला चार. ‘चार तासांत एकच?’ सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न रास्त, पण उत्तर सोपं आहे. ती अजून पहिल्या, संथ टप्प्यात आहे. बाळाचे ठोके छान आहेत. तिनं थोडं खावं, पाणी प्यावं, फिरावं, कुशीवर पडावं, सोबत कोणीतरी असावं. दुपारी दोनला तोंड पाच सेंटिमीटर. संध्याकाळी सहाला सात. आता गाडी वेगात आली आहे.

रात्री दहाला पुन्हा तपासलं, तर अजून सातच.

चार तास बदल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या नव्या तक्त्यात सातवर तीन तास काढले की सावध व्हायला सांगितलं आहे, त्यामुळे इथे काहीतरी करायला हवं यात वाद नाही. पण सिझर करायचं का? अटी पाहू. सहाच्या पुढे आहे, हो. पाणमोट? अजून शाबूत. कळा? पोटावर हात ठेवला तर दहा मिनिटांत दोन, प्रत्येक पंचवीस सेकंदांची. म्हणजे तीनपैकी दोन अटी पुऱ्याच झालेल्या नाहीत. बाळंतपण अडलेलं नाही, कळा थकल्या आहेत. पहिलटकरणीत हे फार वेळा होतं.

तरी औषध लावण्याआधी अडथळा नाही ना, याची खात्री करून घ्यावी लागते. पोटावरून डोकं चाचपलं, तर पाचपैकी दोन भाग कटीच्या वर लागतात. बाकीचं आत उतरलं आहे. आतून पाहिलं तर डोक्याची हाडं एकमेकांवर चढलेली नाहीत, डोक्यावर सूज नाही, तोंडाची कड मऊ आणि पातळ आहे. ठोके मिनिटाला १४०. लघवी स्वच्छ आणि मूत्राशय रिकामं. भरलेलं मूत्राशय डोक्याची वाट अडवतं, ही साधी गोष्ट विसरली की पुढचे चार तास फुकट जातात.

पाणमोट फोडली. पाणी स्वच्छ आलं. हिरवं असतं तर बाळानं आत शी केली असं समजून जास्त जपावं लागलं असतं. अकरा वाजता ऑक्सिटोसिन सुरू केलं. पाच युनिट औषध ५०० मिली सलाईनमध्ये. एका युनिटचे हजार भाग धरले तर एका मिलीमध्ये दहा भाग आले. सुरुवात मिनिटाला दोन भागांनी, म्हणजे वीस थेंबांना एक मिली देणाऱ्या नळीतून मिनिटाला फक्त चार थेंब. दर अर्ध्या तासानं कळा मोजून चार-चार थेंब वाढवायचे. साडेअकराला आठ थेंब, बाराला बारा, साडेबाराला सोळा. एक वाजता दहा मिनिटांत चार कळा, पंचेचाळीस सेकंदांच्या. तिथे थेंब रोखून धरले. आणखी वाढवण्यात फायदा नाही, धोका आहे. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या की दोन कळांच्या मधे बाळाला मिळणारा रक्ताचा आणि प्राणवायूचा पुरवठा तुटतो आणि ठोके घसरतात. अशा वेळी थेंब लगेच बंद करायचे. शिरेतून दिलेलं हे औषध काही मिनिटांत रक्तातून ओसरतं, म्हणून चूक सुधारायला वाव असतो.

याच कारणासाठी बाळ बाहेर येण्याआधी हे औषध दंडात किंवा कंबरेत टोचणं अत्यंत धोक्याचं आहे. टोचलेलं औषध काढून घेता येत नाही, किती लागू होईल याचा अंदाज नसतो आणि गर्भाशय सलग आवळलेलं राहू शकतं. ‘कळा यायचं इंजेक्शन’ देऊन घरी बाळंतपण उरकणारे लोक अजूनही आहेत. कोणी असं सुचवलं तर नाही म्हणावं आणि बाईला दवाखान्यात न्यावं.

पुरेशा कळांचं घड्याळ रात्री एकला सुरू झालं, अकराला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. पूर्वी औषध लावून दोन तास वाट पाहायची आणि बदल नसेल तर शस्त्रक्रिया, असा प्रघात होता. अमेरिकेतल्या अलाबामा इथे ड्वाइट राउझ यांनी १९९९ मध्ये दोनचे किमान चार तास करून पाहिले. बाळंतपण थांबलं असं निदान झालेल्या ५४२ स्त्रियांपैकी ९२ टक्के नैसर्गिक मार्गानं बाळंत झाल्या. दोन तासांवर हात टेकले असते तर यांतल्या अनेक जणींचं सिझर झालं असतं. आपल्या पहिलटकरणीचं तोंड पहाटे तीनला आठ आणि पाचला पूर्ण दहा उघडलं.

आता हीच रात्र दुसरीसाठी कशी असेल ते बघा. तिचंही तोंड सात सेंटिमीटर, तिचेही चार तास. पण पाणी दुपारीच गेलेलं आहे. कळा दहा मिनिटांत चार, प्रत्येक पन्नास सेकंदांची, दगडासारखी. पोटावरून डोक्याचे पाचपैकी तीन भाग अजून वर लागतात. आतून हात लावला तर डोक्याची हाडं एकमेकांवर चढली आहेत आणि दाबली तरी मागे सरत नाहीत, टाळूवर जाड सूज आहे, तोंडाची कड सुजून फुगली आहे. लघवीला रक्ताची झाक आहे. इथे कळा कमी पडलेल्या नाहीत. त्या पुरेपूर जोर लावताहेत आणि वाट मिळत नाही. कदाचित बाळ मोठं असेल, कटी अरुंद असेल, डोकं वाकडं शिरलं असेल. अशा वेळी ऑक्सिटोसिनचे थेंब वाढवणं म्हणजे बंद दारावर आणखी जोर लावणं. गर्भाशयाचा वरचा भाग जाड आणि खालचा ताणून पातळ होत जातो, पोटावर त्या दोन्हींमधली वळी दिसू लागते, आणि पुढची पायरी गर्भाशय फाटण्याची. डोकं तासन्‌तास मूत्राशयावर दाबून राहिलं तर तिथली कातडी मरून लघवी सतत गळत राहण्याचं दुखणं आयुष्यभर मागे लागतं. या बाईला सिझर हवं आणि तेही आत्ता.

दोघींच्या कागदावर एकच आकडा आहे, उपचार अगदी उलटे. ऑक्सिटोसिन फक्त जोर वाढवतं. ते वाट रुंद करत नाही, डोकं लहान करत नाही. म्हणून ‘औषध लावून बघू’ हा निर्णय घेताना डॉक्टरांनी जोर कमी आहे हे हातानं तपासलेलं असायला हवं.

आधी बाळंत झालेल्या स्त्रीच्या बाबतीत तर जास्तच. पहिलटकरणीचं गर्भाशय अडथळ्यासमोर बहुधा दमून मंदावतं. आधी बाळंतपणं झालेलीचं गर्भाशय अडथळ्याशी झुंजत राहतं आणि फाटायचा धोका तिलाच जास्त. तिच्या कळा चांगल्या असताना तोंड सातवर अडलं, तर ‘मागच्या वेळी तर सहज झालं होतं’ या बोलण्यावर विसंबू नये. मागचं बाळ लहान असेल, या वेळचं तिरकं असेल. आधीचं सिझर असेल तर जुन्या टाक्यांच्या जागी ताण येतो, तेव्हा ऑक्सिटोसिन अगदी हात राखून, आणि शस्त्रक्रियेची सोय हाताशी असेल तरच.

आपल्या पहिलटकरणीकडे परत येऊ. पहाटे पाचला तोंड पूर्ण उघडलं. आता तोंडाचा प्रश्न संपला, डोकं खाली उतरण्याचा सुरू झाला. हे मोजायचं माप वेगळं. कटीच्या आत दोन्ही बाजूंना हाडांची दोन टोकं लागतात. डोक्याचं सर्वांत खालचं हाड त्या पातळीवर असेल तर शून्य. एक सेंटिमीटर खाली गेलं तर अधिक एक, वर असेल तर उणे एक. तिचं डोकं शून्यावर होतं आणि तिला जोर करावासा वाटत नव्हता. म्हणून तासभर थांबून सहा वाजता जोर करायला सांगितलं. सातला अधिक एक. आठला अधिक दोन. आठ वीसला मुलगी झाली, लगेच रडली.

जोर करायला लागल्यापासून दोन तास वीस मिनिटं गेली. जुन्या हिशोबात पहिलटकरणीला दोन तास पुरे मानायचे. आजच्या हिशोबात पहिलटकरणीला तीन तास आणि आधी बाळंत झालेलीला दोन तास जोर करूनही डोकं हललं नाही, तर उतरणं थांबलं असं धरतात. वेदनाशामक इंजेक्शन पाठीच्या कण्यात दिलेलं असेल तर थोडा आणखी वेळ. तरी वेळेपेक्षा डोकं हलतंय का, हे पाहणं जास्त मोलाचं. दर तासाला अर्धा सेंटिमीटर का होईना उतरत असेल आणि बाळाचे ठोके नीट असतील तर तीन तास झाले म्हणून हातातलं काम सोडायचं कारण नाही. उलट दीड तासातच डोकं ढिम्म असेल, सूज वाढत असेल, ठोके घसरत असतील, तर तीन तास पुरे व्हायची वाट पाहणं चूक.

उतरण मोजताना एक फसगत फार होते. डोक्यावर सूज आली की ती बोटाला आधी लागते. परिचारिकेला वाटतं डोकं अधिक दोनवर आलं, प्रत्यक्षात हाड अजून शून्यावरच असतं आणि खाली आली ती सूज. ही चूक पकडायची खूण बाहेर आहे. पोटावरून चाचपताना डोक्याचा एक पंचमांशाहून जास्त भाग अजून वर लागत असेल, तर आतून काहीही वाटो, डोकं उतरलेलं नाही. अशा डोक्याला व्हॅक्यूम किंवा चिमटे लावायला जाऊ नये. डोकं खरोखर अधिक दोन किंवा त्याच्या खाली असेल आणि कुठल्या बाजूला वळलं आहे हे नीट कळत असेल, तर मात्र हातांत कौशल्य असलेल्या डॉक्टरांनी व्हॅक्यूम लावून बाळ काढणं सिझरपेक्षा बरं. बाळाचं तोंड आकाशाकडे असेल, म्हणजे पाठ आईच्या पाठीला लागून असेल, तर डोक्याचा मोठा घेर वाटेत येतो; कधी हातानं डोकं वळवलं की तासाभरात बाळंतपण होतं. पोटाचा वरचा भाग कोपरानं किंवा हातानं दाबून बाळ ढकलायचा प्रकार मात्र कुठल्याही पुस्तकात बसत नाही. त्यानं गर्भाशयाला आणि खालच्या स्नायूंना इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेनं तो करू नका असं सांगितलं आहे, आणि तरी अनेक ठिकाणी तो चालू आहे याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळे तास मोजताना एक गृहीत धरलं आहे. शस्त्रक्रियागृह पलीकडच्या खोलीत आहे आणि भूल देणारे डॉक्टर हजर आहेत. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीच्या आतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे गृहीत चालत नाही. तिथून १०८ ची गाडी बोलवायची, ती यायची, घाट उतरायचा, ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसेल तर पुढे जिल्ह्याला जायचं. फिलपॉट यांनी त्या दोन रेषा काढल्या त्या अशाच जागांसाठी. पहिली रेषा ओलांडली की दवाखान्यातून मोठ्या रुग्णालयात हलवायचं, आणि दुसरी रेषा यायच्या आत ती तिथे पोचलेली असेल. शहरात संयम हा उपचार आहे. तीन तासांच्या अंतरावर तोच संयम अंगाशी येतो. तिथे सातवर तीन तास काढले तर ऑक्सिटोसिन न लावता बाईला हलवणं शहाणपणाचं, कारण गाडीत थेंब मोजायला आणि ठोके ऐकायला कोणी नसतं.

नव्या व्याख्यांना मर्यादाही आहेत. सेंटिमीटर बोटांच्या अंदाजानं मोजले जातात; दोन अनुभवी हातांमध्ये एका सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून शक्यतो एकाच व्यक्तीनं तपासावं. नॉर्वेमध्ये जुना तक्ता आणि झांग यांचा नवा हिशोब समोरासमोर ठेवून पाहिले, त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. दोन्हींत सिझरच्या प्रमाणात लक्षणीय फरक निघाला नाही. गंमत अशी की अभ्यासाआधीच्या तुलनेत दोन्ही गटांत सिझर कमी झाले. रेषा कुठली यापेक्षा प्रत्येक बाळंतपणाकडे ठरवून, नीट पाहिलं जाऊ लागलं, याचा तो परिणाम असावा असं मला वाटतं. आणि वाट पाहणं फुकटचं नसतं. पाणी जाऊन बराच वेळ झाला की जंतुसंसर्ग वाढतो, लांबलेल्या बाळंतपणानंतर दमलेलं गर्भाशय नीट आवळत नाही आणि रक्तस्राव जास्त होतो. म्हणून ताप, पाण्याचा वास, आईची नाडी यांवर सतत नजर हवी.

सिझर फार उशिरा ठरलं तर ते करणंही अवघड असतं. पूर्ण तोंड उघडून तासन्‌तास जोर झालेला असतो, डोकं कटीत घट्ट रुतलेलं असतं, आणि पोटातून हात घालून ते वर काढताना गर्भाशयाचा पातळ झालेला भाग फाटत जातो. यावर एक मराठी नाव जगभरच्या शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत गेलं आहे. डॉ. पटवर्धन यांनी १९५७ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. रुतलेलं डोकं आधी काढायला जायचंच नाही. छेदातून आधी बाळाचे खांदे बाहेर काढायचे, मग धड, मग पाय, आणि सगळ्यात शेवटी डोकं अलगद कटीतून वर उचलून घ्यायचं. आजही अडलेल्या बाळंतपणात सिझर करताना हा मार्ग अनेक डॉक्टर वापरतात.

आणि सिझर झालं, तर दवाखान्यातून निघताना कागदावर काय लिहिलं आहे ते पाहून घ्या. ‘प्रगती नाही म्हणून सिझर’ एवढंच असेल तर आणखी लिहून मागा. तोंड किती सेंटिमीटर होतं, डोकं कुठल्या पातळीवर होतं, औषध किती तास दिलं, बाळाचं तोंड कुठे होतं, वजन किती भरलं. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या बाळाच्या वेळी डॉक्टर विचारतील तेव्हा याच ओळी उपयोगी पडतात. चार सेंटिमीटरवर सिझर झालं असेल तर पुढच्या वेळी नैसर्गिक बाळंतपणाची आशा धरायला बरीच जागा असते. पूर्ण उघडून, चांगल्या कळांवर तीन तास जोर करूनही डोकं उतरलं नसेल, तर तो विचार नव्यानं आणि जास्त सावधपणे करावा लागतो.